जनुक, पाकीट आणि बोंडअळी

हिंगोली जिल्ह्यात कापसाचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणते, बीटी आले म्हणून कापूस वाढला. दुसरे म्हणते, बीटीने शेतकरी बुडवला. दोन्ही मते मांडणारे तावातावाने भांडतात, पण दोघांच्या मनातले चित्र एकच असते: बाहेरून एक बियाणे आले, त्याने शेतात प्रवेश केला आणि पुढचे सगळे त्यानेच घडवले. शेतकरी, दुकानदार, विद्यापीठ, सरकार, पाऊस, पतपुरवठा हे सारे त्या बियाण्याच्या मागून फरपटत गेले. यंत्र किंवा तंत्र स्वतःच्या वाटेने चालते आणि समाजाने त्याच्याशी जुळवून घ्यायचे, या समजुतीला अभ्यासक तंत्रनियतिवाद म्हणतात. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट हाइलब्रोनर यांनी १९६७ साली हाच प्रश्न थेट विचारला होता, की यंत्रे इतिहास घडवतात का, आणि बऱ्याच अटी घालून त्यांनी त्याला होकार दिला होता.

याच्या विरुद्ध बाजूला दुसरा विचार उभा राहिला. डोनाल्ड मॅकेन्झी आणि जूडी वाइकमन यांनी १९८५ साली संपादित केलेल्या पुस्तकाने त्याला नाव दिले: तंत्रज्ञानाची सामाजिक घडण. एखादी वस्तू आज ज्या रूपात आपल्या हाती येते ते एकमेव शक्य रूप नसते. अनेक शक्यतांतून कोणी तरी, कुठल्या तरी हितासाठी, कुठल्या तरी सोयीसाठी ते निवडलेले असते, असे हा विचार सांगतो. या पुस्तिकेतली चर्चा या दोन विचारांच्या ओढाताणीची आहे. प्रस्तावनेत त्यांची व्याख्यावार ओळख करून देण्यापेक्षा एकाच वस्तूचा माग काढणे मला जास्त उपयोगाचे वाटते. ती वस्तू म्हणजे बीटी कापसाचे ४५० ग्रॅमचे पाकीट. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, हिंगोली या पाचही तालुक्यांतल्या कृषी सेवा केंद्रांत मे-जूनला ते विकले गेले आहे, आणि त्याच्याइतका या वादाचा दोन्ही बाजूंनी कस लावणारा दाखला आपल्याकडे मला दुसरा दिसत नाही.

आधी त्या पाकिटात काय आहे ते पाहू. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूत अळीला मारक ठरणारे प्रथिन तयार होते. ते तयार करण्याची सूचना देणारे जनुक अमेरिकी कंपनी मोन्सँटोने कापसाच्या झाडात बसवले. अशा झाडाचे पान किंवा बोंड अळीने खाल्ले की ते प्रथिन तिच्या आतड्याला भोके पाडते आणि ती मरते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना त्याने काही होत नाही. कापसावरच्या तीन बोंडअळ्यांसाठी, म्हणजे हिरवी किंवा अमेरिकन, ठिपक्यांची आणि शेंदरी जिला आज सगळे गुलाबी म्हणतात, यांच्यासाठीच ते आहे. भारतात २६ मार्च २००२ रोजी त्याच्या लागवडीला मंजुरी मिळाली. मंजूर झालेले पहिले तीन वाण जालन्याच्या महिको कंपनीचे होते. म्हणजे बीटीची भारतातली सुरुवात मराठवाड्याच्याच एका गावातल्या कंपनीच्या नावावर आहे.

हे तिन्ही वाण संकरित होते. इथे थांबायला हवे, कारण माझ्या मते पुढच्या बावीस-तेवीस वर्षांचा गाभा या एका गोष्टीत आहे. जनुक संकरित वाणातच घालावे असे जनुकाच्या विज्ञानात काहीही नव्हते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात तेच जनुक सरळ वाणांत घातले गेले. सरळ वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तसेच झाड येते. संकरित वाणाची सरकी पेरली तर पिढी फुटते आणि एकसारखे पीक येत नाही, म्हणून दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. अमेरिकेत शेतकऱ्याने बियाणे राखू नये यासाठी कंपनी पेटंटच्या आधारे करार करून घेऊ शकत होती. भारतात शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा हक्क २००१च्या कायद्याने मान्य केला होता आणि लाखो लहान शेतकऱ्यांशी करार करून त्यावर लक्ष ठेवणे कोणालाही शक्य नव्हते. कायद्याने जे कुंपण घालता येत नव्हते ते संकराने आपोआप घातले गेले.

संकरित कापूस इथे आधीपासून होता हेही खरे. सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिलेला एच-४ हा व्यापारी लागवडीखाली आलेला जगातला पहिला संकरित कापूस मानला जातो. आपल्या शेजारी नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीत तो वर्षानुवर्षे घरचा होऊन राहिला. कापसाचे संकरित बियाणे करायचे तर प्रत्येक कळीतले पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावावा लागतो. हजारो कळ्यांवर हे काम करायला स्वस्त हात लागतात. आपल्याकडे ते बायकांचे आणि मुलींचे होते. मजुरी महाग असलेल्या देशांत हे परवडलेच नसते. तेव्हा २००२ साली पाकिटात आलेल्या बियाण्याच्या आत आधीच बरेच काही साठलेले होते: कंपनीचे हित, बियाणे कायदा, स्त्रियांच्या श्रमाचा भाव आणि तीस वर्षांची संकरित कापसाची सवय. सामाजिक घडण म्हणतात ती हीच.

आता ‘बीटी आले म्हणून कापूस वाढला’ हे म्हणणे आकड्यांवर घासून पाहू. देशाची रुईची सरासरी उत्पादकता २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०० किलोच्या आसपास होती. २००४-०५ मध्ये ती ४७० किलोच्या आसपास गेली. ही सर्वांत मोठी उडी आहे. पण त्या वर्षी अधिकृत बीटीखालचे क्षेत्र एकूण कापसाच्या साधारण सहा टक्के होते. गुजरातेत बेकायदा बीटी बियाणे आधीपासून फिरत होते, त्यामुळे खरे क्षेत्र याहून थोडे जास्त असणार. तरीही एवढ्या थोड्या क्षेत्राने देशाची सरासरी दीडपट होऊ शकत नाही. त्याच काळात नवी कीटकनाशके आली, बियाण्याला रसशोषक किडींविरुद्ध प्रक्रिया होऊ लागली, गुजरातेत सिंचन वाढले, खताचा वापर वाढला. पुढे बीटी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर पोहोचले, तेव्हा उत्पादकता मात्र पाचशेच्या आसपास रेंगाळली आणि मग घसरली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले केशव क्रांती आणि अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० साली हा सगळा हिशेब मांडला आहे. तो वाचल्यावर बीटीला सगळे श्रेय देणे अवघड होते. पण बीटी निरुपयोगी होते असेही त्यातून निघत नाही. पहिली काही वर्षे हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. नव्वदच्या दशकात त्या अळीने कापूस उत्पादकांची जी दैना केली होती ती ज्यांनी पाहिली, त्यांच्या लेखी ही लहान गोष्ट नव्हती.

दुसरे म्हणणे, बीटीने शेतकरी बुडवला, हेही त्याच पठडीतले आहे. विदर्भ आणि तेलंगणातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांच्या बातम्या बीटीला मंजुरी मिळण्याच्या आधीपासून येत होत्या. कर्ज, भाव, पाऊस आणि फवारणीचा खर्च यांची गाठ त्यापूर्वीच बसली होती. महाग पाकिटाने ती आणखी आवळली, पण तिचा उगम पाकिटात शोधणे म्हणजे सावकाराला, बाजाराला आणि सरकारला मोकळे सोडणे. तंत्रनियतिवादाबद्दल माझा मुख्य आक्षेप हाच आहे. स्तुती असो की निंदा, तो माणसांनी घेतलेले निर्णय वस्तूच्या नावावर टाकतो आणि मग त्या निर्णयांचा जाब कोणाला विचारताच येत नाही.

इतके झाल्यावर सामाजिक घडणीच्या बाजूने निकाल देऊन मोकळे व्हावे असे वाटेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आहे गुलाबी बोंडअळी.

कुठल्याही विषाला किडीत प्रतिकार तयार होतो. लाखो अळ्यांत एखादी अशी असते जिच्यावर ते विष चालत नाही. बीटीच्या शेतात बाकीच्या मरतात, ती उरते. तिचा पतंग झाला आणि त्याला तसाच दुसरा पतंग जोडीदार मिळाला तर पुढची पिढी प्रतिकारक्षम. यावर उपाय म्हणून बीटीच्या शेजारी थोडा बिगरबीटी कापूस लावायचा. तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग भरपूर संख्येने उडतात आणि उरलेल्या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी त्यांचीच जोडी जमते. अशा जोडीची पिलावळ सहसा बीटीच्या प्रथिनाने मरते. या बिगरबीटी पट्ट्याला आश्रय पीक म्हणतात. गावात त्याचे नाव ‘रेफ्युजी’. मंजुरीची अट अशी होती की बीटी शेताच्या चारी बाजूंनी बिगरबीटीच्या किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांतले जे जास्त असेल तितके आश्रय पीक घ्यायचे. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगरबीटीची छोटी पुडी येत असे.

ही अट एक एकरावर मांडून पाहा. चौकोनी एकराची बाजू साधारण २०८ फूट. दोन ओळींत चार फूट अंतर धरले तर पाच ओळींना २० फूट लागतात. चारी बाजूंनी २० फूट सोडले की आत १६८ फूट बाजूचा चौकोन उरतो. म्हणजे ४० गुंठ्यांपैकी जवळपास १४ गुंठे, शेताचा ३५ टक्के भाग, अळीसाठी सोडायचा. हाच हिशेब पंचवीस एकरांच्या सलग तुकड्यावर केला तर पाच ओळींना साडेसात टक्केच जमीन लागते आणि मग २० टक्क्यांचा नियम लागू होतो. नियम दिसायला सगळ्यांना सारखा, पण जितके शेत लहान तितका त्याचा भार जास्त. शिवाय नुकसान एकट्याचे आणि फायदा अख्ख्या शिवाराचा. शेजारच्याने रेफ्युजी लावली नाही तर माझ्या चौदा गुंठ्यांचा बळी वायाच. पुड्या बांधावर फेकल्या गेल्या किंवा घरात पडून राहिल्या, यात शेतकऱ्याचे अज्ञान पाहणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या जमिनीवर करून पाहावा.

काही पाकिटांत नंतर बिगरबीटी सरकीऐवजी तुरीचे बी येऊ लागले, कारण आश्रय म्हणून तुरीलाही परवानगी मिळाली. शेतकऱ्याला ते पटले. कापसात तुरीची ओळ घेणे इथे जुनेच आहे आणि तूर घरात येते. हिरव्या बोंडअळीसाठी ते बरोबरही होते. ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. मराठवाड्याच्या मिश्र शिवारात तिला कोणी न लावताही आश्रय मिळतच होता आणि तिच्यावर बीटी बराच काळ टिकले, त्याचे एक मोठे कारण हेच मानले जाते. पण गुलाबी बोंडअळी आपल्या शेतात जवळजवळ फक्त कापसावर जगते. तुरीच्या ओळीत तिचा एकही पतंग तयार होत नाही. कागदावर आश्रय होता, तिच्यासाठी नव्हता. अळी काय खाते हे कोणत्याही समितीच्या, कंपनीच्या किंवा शेतकऱ्याच्या सोयीने ठरत नाही. सामाजिक घडण मानणाऱ्यांतले काही जण वस्तूंच्या आणि जिवांच्या स्वभावाला इतके कमी लेखतात की सारे काही माणसांच्या वाटाघाटीतून ठरते असे वाटू लागते. या अळीसमोर तो विचार टिकत नाही.

तिने तेच केले जे तिच्या स्वभावात होते. गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत पहिल्या पिढीच्या बीटीला तिने दाद दिली नाही, हे मोन्सँटोनेच २०१० साली मान्य केले. तोवर २००६ मध्ये दोन जनुकांचे बीजी-२ आले होते. २०१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत तेही तिच्यापुढे गळाले, आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात कापसाची बोंडे आतून पोखरलेली निघाली.

इथेही संकरित वाणाचा धागा परत हाती येतो. बहुतेक संकरित बियाण्यांत बीटी जनुक आईबापांपैकी एकाकडून आलेले असते. असे झाड स्वतः पूर्ण बीटी असते, पण त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते आणि तिच्यात जनुके वाटली जातात. दोन जनुकांच्या बाबतीत सोळा सरक्यांमागे सरासरी नऊ सरक्यांत दोन्ही जनुके, तिनांत एक, तिनांत दुसरे आणि एकात कोणतेच नाही. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला कुठे पूर्ण मात्रा, कुठे अर्धी, कुठे काहीच नाही, असे ताट मिळते. प्रतिकार घडवण्यासाठी याहून चांगली शाळा नसेल. सरळ वाणाच्या बोंडात सगळ्या सरक्या सारख्या असतात, तिथे ही सोय नाही. बियाणे दरवर्षी विकले जावे म्हणून निवडलेले रूप अळीलाही सोयीचे निघाले. हे कोणी ठरवून केले नव्हते, पण निवडीचा परिणाम म्हणूनच ते घडले.

याच्या शेजारी चीनची गोष्ट ठेवावी. यांगत्झे नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी स्वस्त पडते म्हणून संकरित बीटीची दुसरी पिढी मोठ्या प्रमाणावर पेरली. दुसऱ्या पिढीत एकाच जनुकाचे वाटप झाले की चारांत एक झाड बिगरबीटी निघते. त्यामुळे न ठरवता अशा प्रत्येक शेतात २५ टक्के आश्रय उभा राहिला, तोही विखुरलेला. गुलाबी अळीत वाढू लागलेला प्रतिकार तिथे खाली आला, असे चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवले. अमेरिकेत वाट आणखी वेगळी होती. ॲरिझोनात आश्रय पिकाचा नियम कसोशीने पाळला गेला, २००६ पासून कोट्यवधी नपुंसक पतंग विमानातून सोडले गेले आणि २०१८ साली तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे सरकारने जाहीर केले. एकच जनुक, एकच अळी आणि तीन निकाल. जनुकच सगळे ठरवत असते तर हे होणे शक्य नव्हते. आणि अळीचा स्वभाव गौण असता तर आपल्या शिवारात तुरीच्या ओळींनी काम भागले असते.

संकरित वाणाची तिसरी गाठ हंगामाच्या लांबीशी आहे. ही झाडे मोठी, पसरट आणि बोंडे टप्प्याटप्प्याने देणारी असतात. कापूस शेतात पाच-सहा महिने आणि पाणी असेल तर त्याहूनही जास्त राहतो. हिंगोलीच्या हलक्या-मध्यम जमिनीत सप्टेंबरअखेर पाऊस गेला की ओल संपते आणि बोंडे भरण्याचा काळ नेमका तेव्हाच येतो. गुलाबी अळीचा जोरही हंगामाच्या उत्तरार्धात. लवकर येणारे, कमी फांद्यांचे सरळ वाण दाट लावले तर बोंडे तिच्या आधी फुटतात. मग तसे का झाले नाही? चार बाय दीड फुटावर एकरात सव्वासात हजार झाडे बसतात आणि दोन पाकिटांत काम होते. तीन फूट बाय चार इंच अशी दाट लागवड केली तर एकरी सुमारे ४३ हजार झाडे लागतात. एका पाकिटात साधारण पाच हजार बिया धरल्या तर नऊ पाकिटे. २०१६ साली केंद्राने बीजी-२ पाकिटाचा भाव ८०० रुपये ठरवला होता. त्या भावाने नुसत्या बियाण्याचे ७ हजार २०० रुपये होतात, विरळ लागवडीला १ हजार ६००. सुरुवातीच्या वर्षांत तर एकच पाकीट १ हजार ६०० रुपयांच्या आसपास होते. झाडे किती अंतरावर लावायची हे जमिनीने किंवा पावसाने नव्हे, बियाण्याच्या भावाने ठरवले. घरची सरकी पेरता येत असती तर हा हिशेब पूर्ण बदलला असता.

तशी वाट उघडण्याचे प्रयत्न झाले. सार्वजनिक संस्थांनी बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी आणले, २००८ साली त्याला मंजुरी मिळाली, आणि त्यात मोन्सँटोचे जनुक मिसळलेले आढळल्यावर ते मागे घ्यावे लागले. त्याची चौकशी, आरोप, बदनामी यांत बरीच वर्षे गेली. नागपूरच्या संस्थेने पुढे सरळ वाणांत बीटी दिले, पण तोवर बाजार संकरिताने व्यापला होता. आमच्या नांदेडचा एनएचएच-४४ जनुक वेळेवर न मिळाल्याने शेतातून नाहीसा झाला. बीजी-२ होऊन तो परत आला तेव्हा दुकानांच्या फळ्यांवर जागा उरली नव्हती. तंत्रज्ञानाचे इतिहासकार टॉमस ह्यूज यांनी याला गतीचा सिद्धान्त म्हटले आहे. तंत्र नवे असते तेव्हा समाज त्याला वळवू शकतो. त्याभोवती कारखाने, दुकाने, उधारी, नोकऱ्या, सवयी जमल्या की मग ते समाजाला वळवू लागते. मला दोन्ही विचारांत समेट घडवणारे हे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते. तंत्रनियतिवाद्यांना जे दिसते ते खोटे नसते, फक्त ते उशिरा पाहतात. २०१५ साली सेनगावच्या शेतकऱ्याला बीटी संकरिताशिवाय पर्याय दिसत नसेल तर ते अगदी खरे आहे. पण तो पर्याय नाहीसा कसा झाला, ते १९७०, २००१ आणि २००२ या वर्षांत पाहावे लागते.

जाब विचारण्याची पाळी आली तेव्हा काय झाले, हेही नोंदले पाहिजे. २०१७च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३० हजार ८०० रुपये मदत जाहीर केली. त्यातले १६ हजार बियाणे कंपन्यांकडून, ८ हजार विम्यातून आणि उरलेले आपत्ती निधीतून यायचे होते. राज्याच्या कापूस बियाणे कायद्याखाली शेतकऱ्यांनी जी-फॉर्म भरले, कृषी खात्याने पंचनामे केले. कंपन्यांनी आपली जबाबदारी नाकारली. कायद्याला तपासायचे होते बियाणे निकृष्ट होते का. त्यात जनुक होते, उगवण झाली होती, म्हणजे बियाणे चांगले होते. नुकसान झाले होते ते संकरित रूप, मोडलेला आश्रय, लांबलेला हंगाम आणि प्रतिकारक अळी यांच्या जुळणीने, आणि त्या जुळणीसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. ज्या समाजाला तंत्राकडे केवळ वस्तू म्हणून पाहायची सवय आहे, त्याचे कायदेही वस्तूच तपासतात.

शेतात ही अळी ओळखण्याची रीत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. अंड्यातून निघालेली अळी दिवस-दोन दिवसांत कळीत किंवा बोंडात शिरते आणि शिरल्याचे भोक बुजते. बोंड बाहेरून हिरवेगार, निरोगी दिसते. पाकळ्या एकमेकींना चिकटून न उमललेले गुलाबाच्या कळीसारखे फूल, म्हणजे डोमकळी, ही तिची पहिली खूण. दुसरी खूण कामगंध सापळ्यात: सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त नर पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली. तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहणे. दोन बोंडांत अळी सापडली की पातळी ओलांडली. हे काम कष्टाचे आहे आणि ते बीटीने शेतकऱ्याच्या हातून काढून घेतले होते. झाडच अळी मारते म्हटल्यावर बोंड फोडून कोण पाहणार? पंधरा वर्षांत एक पिढी अशी तयार झाली जिला डोमकळी ओळखताच येत नव्हती. वस्तू माणसाला कशी घडवते याचे मला माहीत असलेले हे सर्वांत ठोस उदाहरण आहे, आणि त्याचे श्रेय तंत्रनियतिवाद्यांना द्यावेच लागेल.

वेचणीनंतर पऱ्हाटी घराजवळ रचून वर्षभर जळणासाठी ठेवणे, पाणी असलेल्याने फरदड घेणे, जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग पडून राहणे, या तिन्ही ठिकाणी अळी सुप्तावस्थेत पुढच्या हंगामाची वाट पाहते. फरदड बंद करा, असे कृषी विभाग दर हिवाळ्यात सांगतो आणि ते शास्त्राला धरून आहे. पण जानेवारीतल्या दोन वेचण्यांवर कोणाचा हप्ता अवलंबून असेल आणि चुलीला दुसरे जळण नसेल, तर अळीचे जीवनचक्र तोडण्याचा प्रश्न गॅस सिलिंडरच्या भावाशी आणि बँकेच्या तारखेशी जोडला जातो. हिंगोलीत बऱ्याच शेतकऱ्यांनी याचे उत्तर कापूसच कमी करून दिले. सोयाबीन आणि हळद यांनी त्याची जागा घेतली. ही माघार कुठल्याही तंत्राने लादलेली नव्हती. खर्च, मजूर आणि जोखीम मोजून घेतलेला तो निर्णय होता.

पाकिटाचे रूपही आता बदलले आहे. वेगळी पुडी जाऊन बिगरबीटी बिया बीटी बियाण्यातच मिसळून येतात. त्यांचे प्रमाण किमान पाच आणि जास्तीत जास्त दहा टक्के. शेतकऱ्याने आश्रय लावायचा की नाही हा प्रश्न उरला नाही, तो कारखान्यातच सुटला. गुलाबी अळी एका बोंडातून दुसऱ्या झाडावर सहसा जात नाही, त्यामुळे मिसळलेला आश्रय तिच्या बाबतीत चालतो. झाडे बदलणाऱ्या हिरव्या अळीच्या बाबतीत तो कमी भरवशाचा. पण चीनच्या शेतात प्रतिकार मागे हटला तो २५ टक्के आश्रयावर आणि प्रतिकार अजून विरळ असताना. इथे पाच ते दहा टक्के आले ते अळी बीजी-२ पचवू लागल्यावर. बोंडातल्या सरकीत जनुके पूर्वीसारखीच वाटली जात आहेत, कारण पाकिटातले वाण अजून संकरितच आहेत.